घरातल्या एकाच यंत्रावरून वाय-फाय वारंवार गायब होतं? कंट्री कोड तपासा

राउटरचे दिवे हिरवे आहेत, घरातल्या सगळ्यांचे फोन जोडलेले आहेत, आणि एकाच टॅबलेटच्या यादीत घरच्या वाय-फायचं नावच नाही. पासवर्ड चुकलाय असं नाही, रेंज कमी आहे असंही नाही. नावच दिसत नाही. राउटर बंद करून चालू केला की कधी दिसायला लागतं, कधी नाही. चार दिवस सुरळीत जातात आणि पुन्हा तेच.

पार्ल्याच्या मावशीकडे हा प्रकार जवळपास दोन महिने चालला होता. तेवढ्यात एक राउटर बदलून झाला, इंटरनेटवाल्याचा माणूस तीनदा येऊन गेला. तो आला की त्याच्या फोनवर सगळं ठीक दिसायचं, आणि ते साहजिकच होतं, कारण त्याचा फोन भारतातला होता. बिघडलेलं काहीच नव्हतं. राउटर एका देशाच्या नियमाने बोलत होता आणि टॅबलेट दुसऱ्या देशाच्या नियमाने ऐकत होता. यंत्र कोणत्या देशाचे नियम पाळतं ते सांगणारी दोन अक्षरं म्हणजे कंट्री कोड. अशी तक्रार मुंबईत खूप घरांत असणार, कारण कोणी ना कोणी परदेशातून काहीतरी आणून दिलेलं असतंच. म्हणून शोध कसा घेतला ते सविस्तर लिहिते.

पहिली खूण: सगळ्यांचं जातं की एकाचंच?

इथे चूक झाली तर पुढचा सगळा तपास भलत्या वाटेने जातो. घरातल्या सगळ्या यंत्रांवरून नाव एकदम गेलं तर दोष राउटरचा, विजेचा किंवा रडारचा (रडारचं पुढे सांगते). पण एकच यंत्र आंधळं झालं आणि बाकीच्यांना नाव नीट दिसतंय, तर राउटर आत्ता कोणत्या चॅनलवर, म्हणजे वाय-फायच्या पट्ट्यातल्या कोणत्या क्रमांकाच्या वारंवारतेवर बसलाय ते आधी बघायचं.

मावशीने आणखी एक गोष्ट सांगितली. "अगं, सकाळी राउटर चालू केला की त्या दिवशीचं नशीब ठरतं. तेव्हा दिसलं तर दिवसभर दिसतं." मावशी रोज रात्री झोपताना राउटर बंद करते आणि सकाळी देवपूजा आटोपली की लावते. या एका वाक्यात निम्मं निदान होतं. राउटरमध्ये चॅनल 'ऑटो'वर असेल तर चालू होताना तो आजूबाजूची गर्दी ऐकतो आणि त्याला मोकळं वाटेल ते चॅनल धरतो. बरेच राउटर पुढच्या वेळी बंद होईपर्यंत तिथेच राहतात.

पार्ल्यातली इमारत म्हणजे भिंतीला भिंत लागलेली. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जो तो 1, 6 किंवा 11 वर. मग ऑटोला टोकाचं 12 किंवा 13 मोकळं दिसतं. भारतात 1 ते 13 चालतात, तेव्हा राउटरच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. पण हा टॅबलेट दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, न्यू जर्सीहून आणलेला. अमेरिकेत विकली जाणारी बरीच यंत्रं 11 च्या पुढे जातच नाहीत. त्यात हा टॅबलेट बिनसिमचा. सिम असतं तर टॉवरकडून 'आपण भारतात आहोत' हे त्याला कळलं असतं. सिम नाही, त्यामुळे कारखान्यात जे ठरलं तेच कायम. राउटर 13 वर बसला की टॅबलेटच्या लेखी तो नाहीच, कारण 13 वर तो कान लावतच नाही.

खात्री करणं सोपं आहे. ज्या सकाळी टॅबलेट आंधळा होईल त्या सकाळी राउटरच्या पानावर जाऊन स्टेटसमध्ये चॅनल बघायचं. किंवा अँड्रॉइड फोनवर कुठलंही वाय-फाय अॅनालायझर अॅप टाकून आपल्या नेटवर्कसमोरची वारंवारता वाचायची. 2.4 च्या पट्ट्यात 1 ते 13 साठी हिशोब असा: चॅनलच्या आकड्याला पाचने गुणा आणि 2407 मिळवा. 13 गुणिले 5 म्हणजे 65, म्हणून 2472. मावशीला मी एवढंच सांगितलं होतं, "बिघडलं की फोनवर आकडा बघ आणि कॅलेंडरवर लिही." आठवड्यात तीन नोंदी झाल्या: 2472, 2472, 2467. म्हणजे 13, 13 आणि 12. टॅबलेट चाललेल्या दिवशी एकदाही 2462 च्या वरचा आकडा नव्हता.

उपाय एका मिनिटाचा होता. राउटरमध्ये 2.4 चं चॅनल ऑटोवरून काढून 6 वर कायम केलं आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवली. 3 किंवा 9 सारखं मधलं चॅनल घेऊ नका. ते दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांत अर्धं अर्धं घुसतं, त्यांचंही बिघडवतं आणि आपलंही.

राउटरचं नाव लपवलेलं असेल तर आणखी एक अडचण येते. काही यंत्रांना काही चॅनलांवर फक्त ऐकायची मुभा असते, स्वतःहून हाक मारायची नसते. लपवलेलं नाव हाक मारल्याशिवाय सापडत नाही. अशा वेळी चॅनल परवानगीतलं असूनही नेटवर्क मिळत नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. नाव लपवून सुरक्षितता काही वाढत नाही. ते उघडं ठेवा.

दुसरं प्रकरण: दादाचा लॅपटॉप

टॅबलेट मार्गी लागला. पण खरी डोकेदुखी निघाली दादाच्या लॅपटॉपची. तो दोन महिन्यांसाठी घरून काम करायला आला होता आणि त्याचं ऑफिस संध्याकाळी सुरू व्हायचं, तिकडची सकाळ. दुपारी 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क झकास चालायचं. सातच्या पुढे मागच्या खोलीत बसून लॅपटॉपचं झाकण उघडलं की ते यादीत नाहीच, फक्त 2.4 दिसायचं आणि व्हिडिओ कॉल अडकत अडकत चालायचा. तोच लॅपटॉप उचलून हॉलमध्ये आणला, वाय-फाय बंद करून चालू केलं, की 5 परत हजर. दादाचं म्हणणं भिंत जाड आहे. पण त्याच खोलीत माझ्या फोनला तेच 5 गिगाहर्ट्झ व्यवस्थित मिळत होतं.

लॅपटॉपवर लिनक्स होतं, त्यामुळे थेट विचारता आलं. मागच्या खोलीत, नेटवर्क गायब असताना:

```
$ iw reg get
global
country 00: DFS-UNSET
...
phy#0 (self-managed)
country CN: DFS-UNSET
...
```

वरचं `00` म्हणजे 'देश माहीत नाही'. त्यात जगभर बहुतेक ठिकाणी चालेल तेवढीच मोकळीक असते आणि 5 च्या पट्ट्यात आपणहून काही प्रक्षेपित करायला मनाई असते. खालची ओळ महत्त्वाची. `self-managed` म्हणजे हे कार्ड देश स्वतः ठरवतं, ऑपरेटिंग सिस्टिमचं ऐकत नाही. आणि पार्ल्यात बसून त्याने ठरवलं होतं की आपण चीनमध्ये आहोत.

मग चॅनलांची यादी काढली:

```
$ iw phy phy0 channels | grep 5500
	* 5500 MHz [100] (disabled)
```

मावशीचा राउटर ऑटोनेच 5 च्या पट्ट्यात चॅनल 100 वर बसला होता. चीनच्या नियमांत वाय-फायसाठी 36 ते 64 आणि 149 ते 165 आहेत, मधला 100 ते 144 चा तुकडा नाही. भारतात तो आहे. 22 ऑक्टोबर 2018 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने 5150 ते 5350 आणि 5470 ते 5875 मेगाहर्ट्झ हे पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले झाले, आणि 100 चं चॅनल, म्हणजे 5500 मेगाहर्ट्झ, त्यातच येतं. (त्याच्या आधीच्या नियमावर बेतलेलं जुनं सॉफ्टवेअर एखाद्या यंत्रात असेल, तर देश `IN` असूनही 100 बंद दिसू शकतं. तेव्हा उपाय म्हणजे अपडेट.) थोडक्यात, राउटर भारताच्या नियमाने बरोबर आणि लॅपटॉप चीनच्या नियमाने बरोबर. दोघांचं जमत नव्हतं, एवढंच.

हॉलमध्ये तीच आज्ञा दिली तेव्हा उत्तर आलं `country IN`, आणि 5500 समोरचा `(disabled)` गेलेला.

पार्ल्यात चीन आला कुठून?

राउटर आपण आहोत हे सांगण्यासाठी सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटं निवेदन हवेत सोडतो. त्यात नेटवर्कचं नाव असतं, आणि बहुतेक राउटरांत देशाची दोन अक्षरंही असतात. सोबत त्या देशात कोणती चॅनलं चालतात आणि प्रत्येकावर जास्तीत जास्त किती शक्ती वापरायची, हेही. ही सोय 2001 च्या 802.11d या मानकाने आणली. हेतू चांगला होता: प्रवासी माणूस लॅपटॉप घेऊन परक्या देशात उतरला, की तिथल्या राउटरकडून लॅपटॉपने स्थानिक नियम शिकून घ्यावेत.

काही कार्डं आणि काही संगणक मात्र आपल्याच राउटरचं ऐकून थांबत नाहीत. आसपास ज्याचं ज्याचं निवेदन कानावर पडेल त्यावरून ते देश ठरवतात. दादाच्या लॅपटॉपमधलं इंटेलचं कार्ड याच जातीचं, आणि मॅकबुकही असंच वागतात. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं, की बाकीच्या तपशिलांत कंट्री कोडही दिसतो.

मग कोणाचं निवेदन कानावर पडतंय ते बघितलं:

```
sudo iw dev wlp2s0 scan | grep -E "^BSS|freq:|SSID:|Country:"
```

`wlp2s0` हे त्या लॅपटॉपवरचं कार्डाचं नाव. तुमचं वेगळं असेल, `iw dev` ने कळतं. मागच्या खोलीतून संध्याकाळी बावीस नेटवर्कं दिसली. निम्म्यांनी देश सांगितलाच नव्हता. आठ `IN` होती, त्यात मावशीचं 2.4 सुद्धा. एक `US`. आणि दोन `CN`, ज्यांचे पत्ते जवळजवळ सारखे, म्हणजे एकाच राउटरचे दोन पट्टे, आणि सिग्नल आमच्या स्वतःच्या राउटरपेक्षाही जोरदार. मागच्या खोलीची भिंत शेजारच्या बिऱ्हाडाला लागून आहे.

संध्याकाळी सातचं कोडंही तिथेच सुटलं. शेजारच्या काकांचा मुलगा कामावरून आला की राउटर चालू करायचा. दुपारी तो बंद असायचा. आणि दादा लॅपटॉपचं झाकण मिटून उघडायचा तेव्हा कार्ड नव्याने देश शोधायचं, म्हणून नेमकं झाकण उघडल्यावरच 5 गायब व्हायचं. हॉलमध्ये आमचा राउटर जवळचा, तिथे `IN` जिंकायचा. एका घरात दोन देश, मधे एक पॅसेज.

मी काकांकडे गेले आणि विचारलं. राउटर लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, बाहेरून आलेला माल. मुलाने सेटिंगचं पान उघडून दाखवलं. सगळं चिनी लिपीत, आणि देश बदलायचा पर्यायच नाही. तो राउटर चीनमध्येच विकण्यासाठी बनला होता. काकांनी बिचाऱ्यांनी 'आम्ही बदलून टाकू का?' असंही विचारलं. त्याची गरज नव्हती.

उपाय, आणि जे करून उपयोग झाला नाही ते

सगळ्यात आधी सुचतं ते म्हणजे लॅपटॉपला सरळ सांगायचं:

```
sudo iw reg set IN
```

दादाने माझ्या आधीच हे करून बघितलं होतं. वरची `global` ओळ `IN` झाली, खालची `phy#0` तशीच `CN`. जे कार्ड `self-managed` नाही, त्याच्यावर ही आज्ञा सहसा चालते आणि पुढच्या रीस्टार्टपर्यंत टिकते. दादाकडे एक जुना यूएसबी डोंगल होता, तो लगेच सुतासारखा सरळ झाला. इंटेलच्या कार्डात पूर्वी ही स्वयंनिर्णयाची सवय बंद करायचा एक पर्याय असायचा. हल्लीच्या कर्नेलमधून तो काढून टाकलाय. जुन्या सल्ल्यांत तो अजून सापडतो, त्यात संध्याकाळ घालवू नका.

लॅपटॉप ऐकत नाही आणि शेजाऱ्याचा राउटर बदलता येत नाही, म्हणजे आपल्या हातात आपला राउटर उरतो. त्याला अशा चॅनलवर बसवायचं जे `IN`, `CN` आणि `US` तिघांनाही मान्य आहे. मग लॅपटॉपने कुठलाही देश समजून घेतला तरी फरक पडत नाही. 5 च्या पट्ट्यात असं सर्वमान्य चॅनल म्हणजे 36, 40, 44 आणि 48. 149 ते 161 हा दुसरा पर्याय. तो या तिन्ही देशांत चालतो, पण जपानच्या यंत्रांना चालत नाही आणि युरोपातून आणलेल्यांपैकी बऱ्याच जणांना अडतो. मावशीकडे 36 ठेवलं, रुंदी 80, म्हणजे 36 ते 48 हा सबंध गठ्ठा. राउटरचा देश आधीपासून भारत होताच, पण तुम्ही करताना तेही तपासा. परदेशातून आणलेल्या राउटरवर हमखास दुसरा असतो.

36 वर गर्दी असते ही तक्रार मला मान्य आहे. मधल्या रिकाम्या चॅनलांचा मोह म्हणूनच होतो. पण 52 ते 144 ही चॅनलं रडारशी वाटून घेतलेली आहेत, आणि त्यांना डीएफएसचा नियम लागतो. राउटरला तिथे बोलण्याआधी किमान एक मिनिट गप्प राहून रडार आहे का ते ऐकावं लागतं. चालू असताना रडारची चाहूल लागली तर दहा सेकंदांत जागा सोडावी लागते, आणि पुढचा अर्धा तास त्या चॅनलवर परतता येत नाही. हवामान खात्याचं कुलाब्याचं रडार एस बँडवर चालतं, त्याचा वाय-फायशी संबंध नाही. वेरावलीचं मात्र सी बँडचं आहे, म्हणजे वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झच्या शेजारपाजारचं. अंधेरी, जोगेश्वरी, पार्ले या भागात राहणाऱ्यांनी मधली चॅनलं घेताना हे लक्षात ठेवावं. पण रडारमुळे गेलं तर ते सगळ्यांचं एकदम जातं आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच चॅनलवर उगवतं. एकाच लॅपटॉपचं जात असेल तर रडारला दोष देऊ नका.

एक गोष्ट कृपा करून करू नका. चॅनल किंवा शक्ती जास्त मिळावी म्हणून राउटरचा देश मुद्दाम भलताच निवडायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो भारतातल्या नियमांच्या विरुद्ध आहेच, शिवाय वर सांगितलेला सगळा त्रास तुम्ही शेजाऱ्यांच्या यंत्रांना देता आणि तो कुठून आला हे त्यांना कधीच कळत नाही.

"म्हणजे तुला इथे बसून कळलं?"

हे सगळं समजावताना मावशीने मधेच विचारलं, "म्हणजे शेजाऱ्यांनी राउटर कुठला आणलाय, हे तुला आपल्या घरात बसून कळलं?" प्रश्न अगदी रास्त होता. कळलं, आणि त्यासाठी मला कुठलाही पासवर्ड लागला नाही. ते निवेदन कुलूपबंद नसतंच. वाय-फायचा पासवर्ड जोडणीनंतरच्या मजकुराचं रक्षण करतो. नाव, चॅनल आणि देश हे त्याच्या आधीचं, सगळ्यांसाठी मोठ्याने उच्चारलेलं. जिन्यात उभ्या असलेल्या कोणालाही ते वाचता येतं.

पण जे कळतं त्याला मर्यादा आहे, आणि ती मला त्याच यादीत दिसली. `CN` बद्दलचा माझा अंदाज बरोबर निघाला. `US` बद्दल मात्र मी ठाम होते की कुणीतरी अमेरिकेहून राउटर आणलाय, आणि ते साफ चुकलं. तो निघाला दुसऱ्या मजल्यावरचा, मुंबईतच घेतलेला एक स्वस्तातला रिपीटर. बनवणाऱ्याने आत जो देश ठेवून दिला तो कोणी बदललाच नव्हता. तेव्हा कंट्री कोड सांगतो ते यंत्रात काय भरलंय एवढंच. यंत्र कुठून आलं, माणूस कुठला, हे तो सांगत नाही, सुचवतो फक्त.

फोनच्या हॉटस्पॉटचं मात्र वेगळं. सिम असलेला फोन देश बहुतेक वेळा मोबाइल नेटवर्कवरून उचलतो. प्रत्येक देशाच्या नेटवर्कला आकडा असतो, भारताचे 404 आणि 405. म्हणून हॉटस्पॉटच्या निवेदनातला देश खऱ्या ठिकाणाशी बऱ्यापैकी जुळतो. बिनसिमचा टॅबलेट याच्या उलट, जिथून घेतला तिथलाच देश घेऊन फिरतो.

आणि जोडणारं यंत्रही बोलतं. जोडणीची विनंती करताना लॅपटॉप किंवा फोन पुष्कळदा 'मला अमुक अमुक चॅनलं येतात' अशी यादी राउटरला देतो. ज्याच्या हातात राउटर आहे, हॉटेल म्हणा, ऑफिस म्हणा, त्याला ती वाचता येते. शंभर पाहुण्यांत नव्याण्णवांच्या यादीत 100 ते 144 आहेत आणि एकाच्या नाहीत, तर तो एक उठून दिसतो. फोन दर नेटवर्कला वेगळा पत्ता वापरतात हे खरं, पण त्याने पत्ता बदलतो, ही यादी नाही. दादाला हे ऐकून जरा काळजी वाटली. त्याला मी म्हटलं, तुझं नाव त्यात कुठेच नाही. पण ज्याला ओळखलं जायला नको असेल, त्याच्या खुणांत या आणखी एकीची भर पडते, हे नक्की.

मग देश लपवता येतो का? स्वतःचं हॉटस्पॉट `hostapd` ने चालवणाऱ्यांना येतो. `ieee80211d=0` केलं की निवेदनातून देश जातो. पण मग रडारवाली चॅनलंही सोडावी लागतात, कारण त्यांच्या नियमाला देशाची घोषणा लागते. लॅपटॉपवर देश मुद्दाम `00` ठेवणारेही आहेत. त्यांना 12 आणि 13 वर कोणी बोललेलं ऐकू आलं तर जोडता येतं, पण 5 गिगाहर्ट्झवर स्वतःचा हॉटस्पॉट काढता येत नाही. मुंबईतल्या घरात राहून मला हा खटाटोप नको वाटतो. इथे `IN` ने वेगळं असं काहीच उघड होत नाही, आजूबाजूला तेच आहे. डोळ्यांत भरतो तो परका कोड, आणि त्रासही तोच देतो.

मात्र एक जागा तपासून घ्या. रास्पबेरी पायसारख्या यंत्राच्या जुन्या मेमरी कार्डावर `/etc/wpa_supplicant/wpa_supplicant.conf` ही फाइल असते, आणि तिच्यात साध्या अक्षरांत हे लिहिलेलं असतं:

```
country=IN
```

त्याच्याच खाली नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड. कार्डाची प्रत कोणाला देताना किंवा अडचण विचारताना ही फाइल जशीच्या तशी पुढे जाते. देशापेक्षा त्याच्या खालच्या ओळी जास्त महत्त्वाच्या, पण पुसायचं तर दोन्ही पुसा.

चॅनल बदलून आता तीन आठवडे झाले. मागच्या खोलीत संध्याकाळी `iw reg get` अजूनही कधी कधी `CN` सांगतं, आणि 5 गिगाहर्ट्झ तरीही चालू असतं. मावशीने राउटर रात्री बंद करणं सोडलेलं नाही, आणि सोडायची गरजही नाही. कॅलेंडरवर नवीन नोंद नाही.

दादा पुढच्या रविवारी परत जातोय. डोंगलसाठी त्याने `/etc/modprobe.d` मधल्या एका फाइलीत ही ओळ कायमची घातली होती:

```
options cfg80211 ieee80211_regdom=IN
```

निघायच्या आधी ती काढायला सांगितली आहे. नाहीतर न्यू जर्सीत तो डोंगल स्वतःला भारतातला समजून 12 आणि 13 वर बोलायला जाईल.